गाडीच्या काचेआड माणूस बसवायचाय: टिंट, प्रतिबिंब, अपवर्तन कसं जुळवायचं?

चौकटवाला

मंडळी, एका कामात अडकलोय. देवगडला माझा छोटा स्टुडिओ आहे, बहुतेक लग्नंच करतो. मे महिन्यातल्या एका लग्नाचा पाठवणीचा फोटो आहे. पांढरी गाडी घरासमोर उभी, मागच्या डाव्या दाराची काच चार बोटं खाली केलेली. पलीकडच्या बाजूला नवरी, अलीकडची सीट रिकामी. नवरीचे मामा तेव्हा जहाजावर होते, लग्नाला पोचले नाहीत. आता ते सुट्टीवर आलेत आणि घरच्यांना अल्बममध्ये ते त्या रिकाम्या सीटवर हवेत. मामांचा फोटो मी त्यांच्याच पडवीत काढला. खुर्चीवर बसवून, मान थोडी माझ्याकडे वळवून.

कटिंग नीट झालंय, केसांच्या कडासुद्धा. मामांची लेयर ७५ टक्के ओपॅसिटीवर ठेवली, वर हलका हिरवट रंग टाकला. तरी मामा काचेवर चिकटवलेल्या स्टिकरसारखे दिसतात, काचेच्या आत जातच नाहीत.

मला वाटतं अपवर्तन राहिलंय. कॅमेरा दारापासून अडीच मीटरवर होता, काचेला वीसेक अंश तिरका, ८५ची लेन्स, एफ २.८. मामांचा चेहरा फाइलमध्ये हनुवटीपासून केसांपर्यंत ८०० पिक्सेल आहे आणि काचेची वरची कड बरोबर कपाळावरून जाते. चेहरा किती सरकवायचा किंवा वाकवायचा, हे कोणी सांगेल का?

आरटीओ_पीडित

भाऊ, काळी फिल्म अजिबात लावू नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बडगा उगारला तेव्हा मी खारेपाटणच्या नाक्यावर भर उन्हात उभा राहून नखाने फिल्म खरवडलीय.

गजालीकार

आरटीओदादा, ते फोटोतल्या गाडीबद्दल विचारतायत. फोटोतल्या गाडीक पावती फाडणारो पोलीस अजून जन्माक येवचो आसा.

अपवर्तनांक

चौकटवाला, तुमची शंका योग्य दिशेने आहे. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५. प्रकाशकिरण काचेत शिरताना वाकतो हे आपण शाळेत शिकलो. डिस्प्लेसमेंट मॅप घ्या, त्याला १.५च्या हिशोबाने जोर द्या आणि मामांचा काचेआडचा भाग वाकवा. कपाळावर काचेची कड येते तिथे पेल्यातल्या पेन्सिलीसारखा तुटकपणा दिसला पाहिजे. तो नाही म्हणूनच खोटं वाटतंय.

नोडवाली

अपवर्तनांक काका, किरण शिरताना वाकतो हे खरं, पण बाहेर पडताना तो तेवढाच उलट वाकतो. काचेच्या दोन्ही बाजू समांतर असल्या की किरणाची दिशा शेवटी तीच राहते, तो फक्त थोडा बाजूला सरकतो. पेल्यात पाणी दहा सेंटिमीटर जाड असतं आणि पेला गोल असतो. दाराची काच चारेक मिलिमीटर.

तुमच्याच फोटोचा हिशोब करू. कॅमेरा वीस अंश तिरका, शिवाय काच स्वतः कललेली, म्हणजे सगळं मिळून चोवीस-पंचवीस अंशांचा कोन धरा. चार मिलिमीटर काचेत किरण अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर सरकेल. चेहरा वीस सेंटिमीटर आणि ८०० पिक्सेल म्हणजे एका मिलिमीटरला चार पिक्सेल. एकूण सरक दोन-अडीच पिक्सेल, तीही सगळ्या चेहऱ्याला सारखीच. ती फक्त कपाळावरच्या कडेशी दिसू शकते. अल्बमच्या पानावर तिथेही दिसणार नाही.

डिस्प्लेसमेंट मॅप काढून टाका. अडचण ओपॅसिटीत आहे. ७५ टक्के ओपॅसिटी ठेवली की मामांच्या अंगातून मागची सीट पंचवीस टक्के दिसते. काच पारदर्शक असते, मामा नव्हेत.

गजालीकार

मामा जहाजावर राहून राहून पारदर्शक झाले असतील. पगार तरी अपारदर्शक असू दे म्हणजे झालं.

चौकटवाला

नोडवाली ताई, मामांमधून सीटची शिवण दिसतेय खरी, आता झूम करून बघितलं. ओपॅसिटी १०० केली तर मामा एकदम भडक दिसतात, जणू काच नाहीच. मग काळं किती करायचं?

नोडवाली

काच दोन वेगळी कामं करते आणि ती दोन वेगळ्या लेयरनीच करायची. एक म्हणजे आतून येणारा उजेड अडवते, हा गुणाकार. दुसरं म्हणजे बाहेरचा उजेड तुमच्याकडे परत पाठवते, ही बेरीज. आम्ही कामावर एवढंच लिहितो:

```
out = person * glass + reflection
```

ओपॅसिटी कमी-जास्त करून यातलं एकही होत नाही.

किती टक्के ते अंदाजाने ठरवू नका, तुमच्या फोटोतच मोजता येईल. काच चार बोटं खाली आहे ना? म्हणजे सीटची पाठ थोडी उघड्या फटीतून दिसते आणि थोडी काचेतून. एकच कापड, एकच उजेड, मध्ये फक्त काचेची कड. आयड्रॉपरने दोन्हीकडचा आकडा घ्या. शिवाय काचेतून दिसणारी एखादी अगदी काळी गोष्ट शोधा आणि काचेबाहेरची तशीच काळी. चार आकडे इथे टाका.

चौकटवाला

घेतले.
सीटची पाठ उघड्या फटीत १५०, काचेच्या कडेच्या लगेच खाली, काचेतून १३८.
समोरच्या सीटचा काळा हेडरेस्ट काचेतून ५८, त्याचंच टोक फटीत दिसतं तिथे १८.

म्हणजे काच फारच कमी अडवते की. १५०चे १३८, आठ टक्के.

नोडवाली

तिथेच गंमत आहे. हे पडद्यावरचे आकडे आहेत, उजेडाचे नाहीत. नेहमीच्या आठ-बिट एसआरजीबी फाइलमध्ये १५० म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या साधारण ३० टक्के उजेड, १३८ म्हणजे २५ टक्के. आणि त्या २५मध्येही काचेवरची चमक मिसळलेली आहे.

ती चमक किती हे हेडरेस्टने सांगितलं. काळं असूनही तो काचेतून ५८ दिसतो, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. स्वतःचा उजेड तो जवळपास काहीच देत नाही, तेव्हा ते सगळे चार टक्के बाहेरून आलेले. आता २५मधून ४ वजा करा, उरले २१. ३० भागिले २१ नको, उलट करा: २१ भागिले ३०, म्हणजे ७० टक्के. काच तीस टक्के उजेड अडवते आणि त्यातला थोडा चमकेने भरून काढते. म्हणून तुम्हाला आठच टक्के वाटले.

गुणाकाराच्या लेयरला करडा रंग २१८ द्या, तो ७० टक्क्यांचा झाला. कंपनीच्या काचेत हिरवट झाक असते, ती काचेतल्या लोहामुळे. तेव्हा २१२, २१९, २१४ असं काहीतरी ठेवा. ब्लेंड मोड मल्टिप्लाय, आणि फक्त काचेच्या कडेखाली. कपाळाचा वरचा भाग उघड्या फटीत आहे, त्याला ही लेयर लागता कामा नये.

आरटीओ_पीडित

बघा, सत्तर टक्के! गाडी नियमात बसते.

जुनी_डार्करूम

नोडवालींचं गणित पटलं. पण एक राहिलं. पडवीतला उजेड आणि गाडीतला उजेड एक नसतो. नुसती काच लावून मामा अजूनही उजळच दिसतील. गाडीत बसलेल्या माणसावर पडणारा उजेडही काचेतूनच आत आलेला असतो आणि तो पुन्हा काचेतूनच बाहेर येतो, म्हणजे कर दोनदा भरला. त्यात वर टप, चोहीकडून काळं प्लास्टिक.

त्याच फोटोत नवरी आहे. तिच्या अंगावर पांढरं काय आहे?

चौकटवाला

काका, मोगऱ्याचा गजरा. मान वळवल्यामुळे काचेतून नीट दिसतो. उजेडाच्या बाजूची फुलं १६५ येतात. मामांचा पांढरा शर्ट पडवीच्या फोटोत २३५.

जुनी_डार्करूम

मग शर्ट गजऱ्याजवळ आणा. बाकी गणित ताईंचं.

नोडवाली

काका, बरोबर. हे मी आधी सांगायला हवं होतं असं म्हणत नाही, कारण मी सांगणारच होते :)

२३५ म्हणजे ८३ टक्के उजेड. १६५ म्हणजे ३७-३८, त्यातून चमकेचे चार वजा, उरले ३३. तेव्हा मामांना एकूण ८३वरून ३३वर यायचंय, म्हणजे चाळीस टक्क्यांवर. त्यातलं सत्तर काचेच्या नावावर गेलं. उरलं सुमारे ५७ टक्के, ते गाडीतल्या कमी उजेडाचं.

हे दोन आकडे एकत्र करून एकच लेयर बनवू नका. ५७वाला संपूर्ण मामांना लागेल, कपाळाच्या उघड्या भागालाही, कारण डोकं गाडीतच आहे. ७०वाला फक्त काचेखाली. कपाळावर कडेच्या वर आणि खाली जो फरक दिसेल तो फक्त काचेचा असायला हवा. तोच फरक सीटच्या पाठीवर कडेशी दिसतो, दोन्ही शेजारी ठेवून जुळतात का बघा. जुळले तर निम्मं काम झालं.

गजरा आणि शर्ट दोन्ही सारखे पांढरे हे मी धरून चाललेय. थोडं इकडेतिकडे होईल, ते डोळ्याने सावरा.

सडेतोड

कोणी विचारणार नाही म्हणून मी विचारतो. जो माणूस लग्नाला नव्हता त्याला लग्नात दाखवायचा अट्टहास कशाला? उद्या नातवंडं म्हणतील आजोबा पाठवणीला होते. आल्यावर घरच्यांसोबत अंगणात एक साधा फोटो काढा, तारीख घाला, संपलं.

चौकटवाला

सडेतोड, घरच्यांची इच्छा, मामांचीही. अल्बमच्या त्या पानाखाली 'मामा नंतर जोडले' असं छापायचं मामांनीच सांगितलंय. आणखी काय करू?

सडेतोड

छापणार असाल तर माझा आक्षेप मागे. पण फॉन्ट डोळ्यांना दिसेल एवढा ठेवा.

दाभोळची_बाय

माझाही असाच प्रश्न, थोडा वेगळा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडीत बसलेल्या लेकीचा फोटो काढला, बाहेर पाऊस, काचेवर थेंब. तिने डोळे मिटले होते म्हणून दुसऱ्या फोटोतला तिचा चेहरा बसवला. थेंबांतून चेहरा जसाच्या तसा दिसतोय आणि ते विचित्र वाटतं. वरच्या गणिताप्रमाणे काच काही वाकवत नाही, मग थेंबांचं काय?

अपवर्तनांक

आता माझी पाळी! काच नाही वाकवत, मान्य. पण पाण्याचा थेंब एका बाजूने सपाट आणि एका बाजूने फुगीर असतो, म्हणजे छोटं भिंगच. त्यातून पलीकडचं सगळं लहान आणि उलटं दिसतं. चेहऱ्यावरच्या थेंबात वर सीटची काळोखी आणि खाली पलीकडच्या खिडकीतलं पांढरं आभाळ दिसायला हवं. डिस्प्लेसमेंट मॅप इथे चालेल.

नोडवाली

काका, शंभर टक्के. बाय, मूळ फोटोतले थेंब शाबूत असतील तर त्यांना हातच लावू नका. चेहऱ्याच्या मास्कमध्ये थेंबांची भोकं ठेवा, म्हणजे थेंबांत मूळ फोटोच दिसत राहील. एवढ्याशा थेंबात डोळे मिटलेत की उघडे हे कळत नाही, आत मुख्यतः खिडकीचा उजेडच असतो. पसरलेले ओघळ असतील तिथे मात्र चेहरा थोडा ओढावा लागेल. ते हातानेच करावं लागतं आणि कंटाळवाणं असतं.

दाभोळची_बाय

भोकं ठेवायची! शेकडो थेंब आहेत हो. बसते आता.

गजालीकार

श्रावणापर्यंत होतला.

चौकटवाला

गुणाकाराचं काम केलं. मामा आता गाडीत वाटतात, स्टिकर गेला. पण काच दिसत नाहीये, मामांच्या जागी काचेला भोक पडल्यासारखं वाटतं. आजूबाजूच्या काचेवर झावळ्यांचं प्रतिबिंब आहे, मामांवर येऊन ते थांबतं. सरळ अंगणाचा एक फोटो उलटा करून आठ टक्क्यांवर स्क्रीनमध्ये टाकू का? काच आठ टक्के परावर्तन करते असं वाचलंय.

नोडवाली

आठ टक्के आकडा बरोबर आहे. एका पृष्ठभागाचे चार, दोन्ही मिळून आठ. समोरून बघताना आणि तुमच्या कोनातही तेवढेच. पण फोटो अंगणाचा नको. दाराची काच सरळ उभी नसते, वरच्या बाजूने आत कललेली असते, साधारण वीस-पंचवीस अंश. तुम्ही उभे राहून थोडं खाली बघत फोटो काढलात. हिशोब केला तर काच तुम्हाला चाळीसेक अंश वरचं दाखवत होती. तिथे अंगण, मांडवाचे खांब, वऱ्हाडी कोणी नाही. तिथे आहेत माडांचे शेंडे आणि आभाळ. म्हणून तर तुम्हाला झावळ्या दिसतायत.

आणि आठ टक्के ओपॅसिटीचं गणितही फसेल. फोटोत आभाळ २५५ला जाऊन अडकलेलं असतं, प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी पट उजळ असू शकतं. खऱ्या आभाळाचे आठ टक्के वेगळे, कापलेल्या २५५चे आठ टक्के वेगळे. प्रतिबिंब मेलेलं दिसेल.

जुनी_डार्करूम

गाडी कोणाची आहे?

चौकटवाला

नवरीच्या काकांची. दारातच असते.

जुनी_डार्करूम

मग सोपं आहे. गाडी त्याच जागी त्याच तोंडाने लावा. दाराच्या आतून काळं जाड कापड ताणून धरायला सांगा, काळी मखमल मिळाली तर उत्तम, साधं काळं सुती कापड थोडं चमकतं. काच तेवढीच खाली. कॅमेरा त्याच उंचीवर, त्याच अंतरावर, फोकस काचेमागे मामा बसवलेत तिथे, म्हणजे काचेपासून एक वीत आत. फोटो काढा. काचेत जे दिसेल ते निव्वळ प्रतिबिंब, आतलं काहीच नाही. तेच मामांवर बेरजेने ठेवायचं. एक्स्पोजर लग्नाच्या फोटोचंच ठेवा, ऑटोवर कॅमेरा काळं कापड बघून फोटो करडा करून टाकेल.

नोडवाली

काकांना दंडवत. आम्ही शूटिंगला हेच करतो. मांडव उतरला असला तरी हरकत नाही, तो काचेत नव्हताच. माड तिथेच आहेत.

फोकसबद्दल काका म्हणाले ते महत्त्वाचं. काचेतल्या माडाचं अंतर म्हणजे तुमच्यापासून काच अधिक काचेपासून माड, दहा-पंधरा मीटर सहज. फोकस मामांवर असेल तर एफ २.८ला झावळ्या विरघळलेल्या दिसतात. कुठून तरी घेतलेल्या करकरीत झावळ्या टाकल्या की डोळा लगेच पकडतो. उलट काचेवरची धूळ चेहऱ्याच्या जवळच असते, ती बऱ्यापैकी स्पष्ट राहते.

चाकरमानी

मध्येच घुसतो. पोलरायझर का नाही वापरत लोक? लेन्सला लावला, फिरवला, प्रतिबिंब गायब. हा सगळा उपद्व्यापच नको. पुढच्या वेळी लग्नात लावा.

जुनी_डार्करूम

अर्धं बरोबर. पोलरायझर काचेवर चांगला चालतो तो छप्पन्न अंशांच्या आसपास. हे तिरकं बघायला हवं. चौकटवाल्यांसारखं जवळजवळ समोरून काढलं तर तो उजेड दीड स्टॉप खातो आणि प्रतिबिंब तसंच राहतं. दुसरं म्हणजे बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात. निळ्या आभाळाखाली पोलरायझर लावला की त्यांच्यावर ओळीने गडद ठिपके उमटतात. समोरच्या काचेवर उमटत नाहीत, ती दोन काचांमध्ये पापुद्रा घालून बनवलेली असते. नवरीच्या तोंडावर ठिपके आले तर अल्बम कोण घेणार?

शिवाय इथे तर प्रतिबिंब हवंच आहे.

चाकरमानी

ठिपके! मी ते काचेचा दोष समजून गॅरेजवाल्याशी भांडलो होतो.

चौकटवाला

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. कापड धरायला मामाच बसले होते, हौसेने. पण आता पाऊस लागलाय, आभाळ सगळं पांढरं. मेमधल्या फोटोत झावळ्यांच्या फटीत आभाळ निळसर होतं, आता झावळ्या काळ्या आणि मध्ये पांढरा भगभगीत उजेड. मामांवर टाकलं की मामा धुक्यात गेल्यासारखे.

नोडवाली

दोन गोष्टी. एक, बेरीज कशात करताय? फोटोशॉपच्या नेहमीच्या आठ-बिट फाइलमध्ये लिनियर डॉज लावलंत तर पडद्यावरचे आकडे बेरजेला जातात, उजेड नाही, आणि उजळ चेहऱ्यावर चमक भलतीच चढते. खऱ्या बेरजेत चमक काळ्या केसांवर ठळक दिसते आणि पांढऱ्या शर्टवर जवळजवळ हरवते. स्क्रीन मोड थोडा बरा, पण तोही अंदाजच. Color Settings मध्ये `Blend RGB Colors Using Gamma` वर खूण करून १.०० ठेवा आणि मग लिनियर डॉज लावा. काम झालं की खूण काढा, नाहीतर तुमच्या बाकीच्या फाइलींच्या मऊ कडा बदललेल्या दिसतील. मल्टिप्लायची काळजी नको, तो दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो.

दोन, नव्या प्रतिबिंबाला जुन्याशी जुळवा. हेडरेस्ट ५८ होता ना? मामा बसवलेल्या फाइलमध्ये हेडरेस्टजवळ नवं प्रतिबिंब काळ्यावर ठेवून बघा आणि ५८ येईपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. मग थोडा निळा चढवा.

जुनी_डार्करूम

ताई, इथे माझं वेगळं मत. पांढऱ्या आभाळाचं आणि निळ्या आभाळाचं प्रतिबिंब नुसतं एक्स्पोजरने जुळत नाही. झावळ्या आणि आभाळ यातला फरकच बदललेला असतो. मी असतो तर मूळ फोटोतल्या काचेवरच्याच झावळ्या पुढे वाढवल्या असत्या. हेडरेस्ट आणि सीटमधल्या अंधाऱ्या जागेत प्रतिबिंब शुद्ध मिळतं, तिथून क्लोन करून मामांच्या भागावर. थोडक्यात जमतं.

नोडवाली

काका, थोड्या जागेसाठी जमेल. मामांचा खांदा आणि गाल दोन्ही झाकायचे तर क्लोनची पुनरावृत्ती दिसते, झावळ्यांत तर हमखास. मी नवं प्रतिबिंब वापरून कर्व्हने फरक कमी करेन.

चौकटवाला

दोन्ही करून बघितलं. खांद्यावर ताईंचं, गालाजवळ काकांचं. आणि मामांना सीटवर जरा पुढे सरकवलं, म्हणजे चेहरा झावळीच्या गडद भागाखाली येतो आणि आभाळाची फट कानामागे जाते. आता चेहरा स्वच्छ आणि काच पण दिसते!

नोडवाली

ही चाल झकास. काळ्या प्रतिबिंबाखालीच आतलं स्पष्ट दिसतं, प्रत्यक्षातही लोक असंच डोकावतात, हाताने सावली करून. फोटो टाका बघू.

चौकटवाला

टाकलाय. मामांच्या परवानगीने.

गजालीकार

मामा गाडीत बसलेत हे पटतं. पण मामांच्या हनुवटीखाली तांबडा उजेड कसला? गाडीत चूल पेटवलीय काय?

चौकटवाला

पडवीचा लाल कोबा! जमिनीवरून उन्हाचा उजेड उसळून आलाय. गजालीकार, मान गये.

नोडवाली

छान पकडलं. गाडीत खालून येणारा उजेड सीटचा, फिकट बदामी, आणि बाजूने नवरीच्या शालूचा. शालू कोणता?

चौकटवाला

हिरवा.

नोडवाली

मग हनुवटी आणि गळ्याखालचा तांबडेपणा काढा, उजळपणाही थोडा कमी करा, आणि नवरीच्या बाजूच्या बाहीवर हिरव्याची अगदी पुसट झाक. अतिरेक नको. आणि काचेची कड. मूळ फोटोत काचेच्या वरच्या कडेला हिरवी चमकदार रेघ आहे, सीटवर दिसते. मामांच्या कपाळावर ती तुटलीय. ती मामांच्या वरून सलग जाऊ द्या. अपवर्तन इथेच एका ठिकाणी डोळ्याला दिसतं, पण ती रेघ मूळ फोटोतूनच उचलली की वेगळं काही करावं लागत नाही.

अपवर्तनांक

म्हणजे कपाळावर अपवर्तन होतंच! मी सुरुवातीलाच म्हणालो होतो.

चाकरमानी

उजेड डावीकडून दिसतोय, नवरीवर उजवीकडून जास्त आहे. मामांना फ्लिप करा ना, एका क्लिकचं काम.

दाभोळची_बाय

आणि शर्टाचा खिसा उजवीकडे जाईल. मामी पहिल्यांदा तेच बघतील.

जुनी_डार्करूम

फ्लिप नको. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, उजेड दोन्हीकडून येतोच. अलीकडचा गाल थोडा खाली आणा, पलीकडचा किंचित वर, बास.

काचेवर समुद्राच्या वाऱ्याचा खारट थर असतो, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गाडीला. मूळ फोटोत काचेच्या खालच्या कोपऱ्यात ऊन पडलंय तिथे तो पांढुरका चमकतो, आणि मामांच्या कोपरावर नाही. तो प्रतिबिंबात धरू नका, तो वेगळा. झावळ्या धूसर, पण खाराचे डाग आणि पुसल्याचे फराटे बऱ्यापैकी स्पष्ट हवेत. काळ्या कापडाच्या फोटोत ते आले नसतील, तेव्हा ऊन नव्हतं.

चौकटवाला

खरंच, फराटे तिथेच थांबतात. हे मूळ फोटोतून क्लोन करतो, जागा थोडीच आहे. कोबा, कड, फराटे करून परत टाकतो.

गजालीकार

काच पुसूक काय झाला होता नवरीच्या काकांक?

चौकटवाला

नवीन फोटो टाकलाय. घरच्यांना पसंत आहे.

दाभोळची_बाय

सुंदर. पण मामांच्या चष्म्यात बघा. दोन्ही भिंगांत पडवीचे खांब आणि मधे उजेडाचं अंगण दिसतंय.

नोडवाली

अरे देवा, हो. चष्म्यात समोरच्या गोष्टी दिसायला हव्यात, म्हणजे दाराची चौकट आणि खिडकीचा उजेड, त्यातही बाहेरच्या उजेडाला काचेचे सत्तर टक्के लागणार. भिंगं नुसती काळी करू नका, डोळे मेल्यासारखे दिसतील. नवरीच्या डोळ्यांत खिडकीची जी चमक आहे तिचा आकार बघून तसाच काहीसा भाग भिंगात ठेवता येईल. पण भिंगांमागचे डोळे खांबांच्या प्रतिबिंबाखाली झाकले गेलेत का?

चौकटवाला

उजवा स्वच्छ आहे. डावा अर्धा झाकलाय.

जुनी_डार्करूम

मामा अजून गावात आहेत ना? त्याच काळ्या कापडासमोर, पुढ्यातही काळं धरून, फक्त डोळ्यांचा एक फोटो घ्या.

चौकटवाला

आहेत, पण परवा गुहागरला जाणार म्हणालेत. फोन लावतो.